जाहिरातीला ६० हजार लावायचे तर विक्री किती धरावी? चार महिन्यांचा हिशोब देऊन राहिलो

हळद_समुद्रपूर
राम राम मंडळी. आमची दोन एकर वायगाव हळद आहे, समुद्रपूर तालुक्यातच. आधी सगळा माल बाजारात जायचा, डिसेंबरपासून घरीच दळून पाकिटं करून विकून राहिलो. फेसबुक-इन्स्टावर जाहिरात लावतो, माणूस बटन दाबला की सरळ आमच्या व्हॉट्सॲपवर येतो, मग बायको बोलून ऑर्डर घेते. पुणे मुंबई नाशिक एवढंच टाकलं आहे. वही नीट ठेवली आहे, हा घ्या हिशोब,

डिसेंबर: खर्च ४,०००, चॅट ३२०, ऑर्डर ३८
जानेवारी: खर्च ४,०००, चॅट ३००, ऑर्डर ३३
फेब्रुवारी: खर्च ६,०००, चॅट ४२०, ऑर्डर ४१
मार्च: खर्च १०,०००, चॅट ६२०, ऑर्डर ६८

म्हणजे २४ हजारात १,६६० चॅट आणि १८० ऑर्डर. शंभर चॅटला जवळपास ११ ऑर्डर, एका ऑर्डरला १३३ रुपये जाहिरात. आता एप्रिलमधे लोक वर्षाचं तिखट-हळद भरतात म्हणून एकदम ६० हजार लावायचा विचार आहे, तर त्या हिशोबानं ४५० ऑर्डर येतात. सरासरी ऑर्डर २ किलो म्हणजे ७२० रुपयाची, तर ३ लाख २४ हजाराची विक्री. लहान भाऊ म्हणते की ९ क्विंटल आताच दळून ठेवू, ऐन वेळेवर चक्कीवाला भेटत नाही. मले हिशोब बरोबर वाटून राहिला पण ६० हजार म्हणजे आमच्यासाठी लहान रक्कम नाही, म्हणून विचारलं. कुठं चुकून तर नाही राहिलो ना?

पक्का_व्यापारी (यवतमाळ)
पद्धत एकदम बरोबर आहे भाऊ, मागचा टक्का काढायचा आणि नवीन बजेटला लावायचा, मोठ्या कंपन्या पण हेच करतात. फक्त चार महिन्यांची सरासरी काहून घेता, जुनं सोडा. मार्च ताजा आहे तो घ्या. १० हजारात ६८ म्हणजे ऑर्डरला १४७ रुपये, ६० हजाराला ४०८ ऑर्डर. तरी २ लाख ९३ हजाराच्या वर जाते. त्यात एप्रिल-मे सीझन, मी तर म्हणतो ५०० पकडून चाला.

भिवापुरी_तिखट
दादा ९ क्विंटल एकदम दळू नका हो!! आमचा बचत गट मिरचीचं करतो, दोन वर्षं झाली. दळलेलं तिखट असो की हळद असो, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलं की वास उडतो रंग उतरतो, आणि गिऱ्हाईक पाकीट उघडलं की पहिले वासच घेते. हळकुंड मात्र कोरडं असलं तर वर्षभर काही होत नाही. आम्ही अर्धा क्विंटल दळतो, संपत आलं की पुढचं. चक्कीवाल्याले महिनाभराचे वार आधीच सांगून ठेवायचे, थोडा विसार द्यायचा, तो नाही म्हणत नाही. आणि घाईनं दळू देऊ नका, दगड तापला की हळदीचा रंग काळपट येतो.

जाहिरातीचं मले एवढं समजत नाही, ते बाकीचे सांगतील.

हिंगणघाटकर
ताईचा सल्ला सोन्यासारखा आहे, तो आधी ऐका. दळण पंधरवड्यावर आणलं की अंदाज चुकला तरी माल अंगावर पडत नाही, मग अंदाज फक्त जाहिरातीच्या पैशापुरता उरतो.

मी नागपूरला पाच-सहा वर्षं लोकांच्या जाहिराती चालवल्या, आता गावीच दुकान आहे. तुमच्या हिशोबात गुणाकार बरोबर आहे, पण ज्या आकड्यांवर तो चालवला ते आधी सोलावे लागतील. तीन गोष्टी वहीत पाहून सांगा.

एक, या १८० मधे जुने गिऱ्हाईक, नातेवाईक, कोणी सांगितलं म्हणून आलेले असे किती? म्हणजे जे जाहिरात न दाबता आले.
दोन, कॅश ऑन डिलिव्हरी देता का, आणि परत किती आल्या.
तीन, खर्चाचा आकडा कुठून घेतला, बँकेतून की Ads Manager मधल्या Amount spent मधून?

पक्का_व्यापारी (यवतमाळ)
हे कशाला एवढं, विक्री ती विक्री. जुना गिऱ्हाईक पण शेवटी जाहिरातीतूनच आला होता ना कधीतरी.

हळद_समुद्रपूर
रात्री बायको अन् मी वही घेऊन बसलो. व्हॉट्सॲपवर जाहिरातीतून आलेल्या माणसाच्या चॅटमधे वर जाहिरात दिसते, त्यावरून निवडलं.

डिसेंबर: ३८ पैकी जाहिरातीच्या २७, पोचल्या २४
जानेवारी: ३३ पैकी २६, पोचल्या २३
फेब्रुवारी: ४१ पैकी ३३, पोचल्या २९
मार्च: ६८ पैकी ४६, पोचल्या ३९

म्हणजे ४८ ऑर्डर जुन्या लोकांच्या नाहीतर पुण्याच्या साळूबाईनं सोसायटीत सांगितलं तशा. मार्चमधे अशा २२ आहेत, मलेच नवल वाटलं. आणि १७ पार्सल परत आले, सगळे कॅश ऑन डिलिव्हरीवाले, फोनच उचलत नाहीत. खर्च Ads Manager मधलाच आहे.

हिंगणघाटकर
झकास वही ठेवली भाऊ, एवढं कोणी ठेवत नाही. आता पाहा कसं होते ते, थोडं लांबेल.

पहिले पैशाचं. Ads Manager मधला आकडा जीएसटी सोडून असतो. तुमच्या खिशातून ६० हजार निघाले की त्यात १८ टक्के कर आला, म्हणजे ६०,००० भागिले १.१८, जाहिरातीला उरले ५०,८५० च्या आसपास. तुमचा जीएसटी नंबर नसेल तर ते ९ हजार गेलेच समजा, वापस भेटत नाहीत. मागचा खर्च कराशिवाय आणि पुढचा करासकट असं एका हिशोबात मिसळलं तर सुरुवातीलाच १५ टक्के हवा भरली जाते.

मग ऑर्डरचं. १८० नाही, पोचलेल्या ११५ धरा. २४,००० भागिले ११५, एका पोचलेल्या ऑर्डरला २०९ रुपये. १३३ कुठं अन् २०९ कुठं. याच दरानं ५०,८५० चे २४३ ऑर्डर होतात, ४५० नाही.

यवतमाळच्या भाऊंचा मुद्दा खोटा नाही, जुना गिऱ्हाईक कधीतरी जाहिरातीतूनच आला. पण तो आधीच्या पैशानं आला. एप्रिलमधे तुम्ही ६० हजार लावा की ६ हजार, ती पुण्याची बाई हळद मागवणारच आहे. म्हणून जुन्यांची विक्री वेगळ्या ओळीत लिहा, मार्चला २२ होत्या तर एप्रिलला २०-२५ धरा, जाहिरातीच्या टक्क्यात कालवू नका. कालवलं की काय होते, गिऱ्हाईक जुने होत जातात तसा टक्का आपोआप वाढल्यासारखा दिसते, आणि माणूस म्हणते जाहिरात भारी चालून राहिली, आणखी टाक.

आता खरी गोष्ट. महिन्यामहिन्याला पोचलेल्या ऑर्डरचा भाव काढा. डिसेंबर १६७, जानेवारी १७४, फेब्रुवारी २०७, मार्च २५६. बजेट वाढलं तसा भाव चढला. योगायोग म्हणून सोडू नका. चॅटचा भाव पण साडेबारावरून सोळावर गेला, आणि शंभर चॅटमागे पोचलेल्या ऑर्डर साडेसातवरून सव्वासहावर आल्या. दोन्हीकडून मार आहे.

असं काहून होते तर जाहिरात ‘मेसेज करा’ यावर लावलेली आहे, फेसबुक तुमच्यासाठी मेसेज करणारे शोधते, हळद घेणारे नाही. थोडे पैसे असले की त्याला जे लोक पटकन सापडतात तेवढेच दाखवते, तुमच्यासाठी सगळ्यात बरे असतात ते. पैसे वाढवले की त्याच शहरात पुढचे लोक शोधावे लागतात, मग ‘प्राईस?’ लिहून गायब होणारे वाढतात. विहिरीचं वरचं पाणी हाताशी असते, खालचं काढायला दोर लांब लागते.

म्हणून सरासरी भाव सोडा, वाढवलेल्या पैशाचा भाव पाहा. ४,००० मधे साधारण साडेतेवीस पोचत होत्या, १०,००० मधे ३९. म्हणजे वरच्या ६ हजारानं साडेपंधराच आणल्या, एकेक ३८७ रुपयाला. एप्रिलमधे मार्चच्या १०,००० वर आणखी ४०,८५० लावणार, तर ३९ त्या आणि ४०,८५० भागिले ३८७ म्हणजे १०५ ह्या, मिळून १४५ च्या जवळपास. मार्चचाच २५६ चा भाव टिकला असं मानलं तर २००. माझा अंदाज विचाराल तर १४५ ते २००, रुपयात १ लाख ४ हजार ते १ लाख ४४ हजार, अधिक जुन्यांचे १५ हजार वेगळे. ३ लाख २४ हजार मात्र या आकड्यातून निघत नाही.

हळद_समुद्रपूर
बाप्पा. भावाला दाखवलं तर तो म्हणते मग जाहिरातच बंद करू.

वरूड_संत्रा
भाऊ आमचंही असंच झालं होतं संत्र्यात. आम्ही १० किलोच्या पेट्या विकतो, आंबिया बहाराच्या वेळी जाहिरात लावली, दिवाळीच्या आधी चॅट लय महाग पडून राहिले, दिवाळी झाली की तेच चॅट स्वस्त. तेव्हा कोणी सांगितलं की दिवाळीत मोठमोठ्या कंपन्या सगळ्या जाहिराती टाकतात, तर जागेचा भाव वाढते, आपण त्यांच्यासोबत लिलावात बसतो. मग मृगाच्या वेळी आम्ही दिवाळीचा टक्का लावून अंदाज काढला होता तो कमीच निघाला, माल आधी संपला, लोकांना पैसे वापस केले. म्हणून सांगतो मागचा टक्का घ्याल तर तो कोणत्या दिवसातला आहे ते पाहा. संत्र्यात तर पेटीत दोन खराब निघाले की माणूस पूर्ण पैसे मागते तो वेगळाच ताप, हळदीचं बरं आहे बाप्पा.

बाय द वे समुद्रपूरवाले, किलोला काय भाव पडते? आमच्या घरी पाठवाल का दोन किलो.

गणितवाले_सर (चांदूर रेल्वे)
हिंगणघाटकर यांची मांडणी आवडली, पण ३८७ या आकड्यावर त्यांनी जरा जास्त भार टाकला आहे असं मला वाटतं. ऑर्डर मोजताना एक सोपा अंदाज वापरता येतो, जेवढा आकडा तेवढ्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याच्या दुप्पट इकडेतिकडे हलू शकतं असं धरायचं. ३९ चं वर्गमूळ सव्वासहा, म्हणजे काहीही न बदलता हाच मार्च पुन्हा आला तर पोचलेल्या ऑर्डर २७ पण होऊ शकतात आणि ५१ पण. निव्वळ नशिबानं.

आता तुम्ही ३९ मधून साडेतेवीस वजा केले. दोन हलणाऱ्या आकड्यांची वजाबाकी आणखी हलते. मी करून पाहिलं, साडेपंधराच्या दोन्ही बाजूला साधारण १४ चं अंतर येतं, म्हणजे वरच्या सहा हजारानं खरोखर २ ऑर्डर आणल्या असतील किंवा ३०. ३० असतील तर एक ऑर्डर २०० रुपयाला, म्हणजे भाव फारसा चढलाच नाही. २ असतील तर तीन हजाराला एक. एवढ्या अंतरातून ३८७ असा नेमका आकडा काढून त्याने ४० हजार भागायचे हे धाडसाचं आहे.

हिंगणघाटकर
सर, मान्य. एकट्या त्या वजाबाकीवर मी उभा नाही राहणार. पण भाव चारही महिने एकाच दिशेनं चढला आणि चॅटचा भावही चढला, आणि चॅट तर १,६६० आहेत, तिथं नशिबाचा खेळ बराच कमी होते. म्हणून दिशा पक्की, किती ते पक्कं नाही, असं म्हणतो.

भाऊ आणखी एक विचारायचं राहिलं, मार्चच्या शेवटच्या हप्त्यात ज्यांनी चॅट केलं त्यातल्या काहींनी एप्रिलमधे ऑर्डर दिली असेल ना? वहीत ऑर्डरची तारीख लिहिता की चॅटची?

हळद_समुद्रपूर
ऑर्डर पहिल्या चॅटच्या महिन्यातच लिहितो, पण ३१ मार्चला हिशोब बंद केला होता. आता पाहिलं, मार्चच्या चॅटमधून ४ ऑर्डर १ ते ६ तारखेत आल्या, पगार झाला की मागवतो म्हणणारे होते. चारही पोचल्या.

हिंगणघाटकर
बस, हेच. तर मार्च ३९ नाही, ४३. आता वाढीव सहा हजाराच्या साडेएकोणीस झाल्या, भाव ३८७ वरून ३०८ वर आला. आणि एप्रिलचा अंदाज ४३ अधिक ४०,८५० भागिले ३०८, म्हणजे १७५ च्या आसपास. चार ऑर्डरनं ३० चा फरक पडला, सरांचं म्हणणं यातूनच दिसते.

हे नेहमी होते. ताज्या महिन्याचा टक्का नेहमी कमी दिसते कारण त्याचे चॅट अजून पिकलेले नसतात. हळदवाल्याला ८-१० दिवस लागतात, ट्रॅक्टरवाल्याला महिने लागतात. म्हणून ‘ताजा महिना घ्या’ हे अर्धंच बरोबर, ताजा घ्या पण पंधरा दिवस शिजू देऊन घ्या.

पक्का_व्यापारी (यवतमाळ)
ठीक आहे राजेहो, पण तुम्ही सगळे विक्री कमी कमी करून राहिले आणि सीझन कोणीच धरून नाही राहिलं. एप्रिल-मे मधे पुण्या-मुंबईची बाई हळद घेतेच घेते. डिसेंबर-मार्चचा टक्का एप्रिलले लावणं म्हणजे हिवाळ्याच्या पाणीपातळीवर पावसाळ्याचा अंदाज. मी १७५ नाही, ३०० म्हणतो.

मोर्णाकाठ (अकोला)
३०० काहून, ३५० काहून नाही? आकडा कुठून आणला ते सांगा ना भाऊ. सीझन आहे हे सगळ्यांले माहीत आहे, पण सीझन आपल्यासाठीच आहे का, सांगली-हिंगोलीवाले, मसाल्याचे मोठे ब्रँड सगळेच त्याच बाईला जाहिरात दाखवून राहिले. वरूडवाल्यांनी दिवाळीचं सांगितलं तसंच. मागणी वाढते तसा चॅटचा भाव पण वाढू शकते. यांच्याकडे मागच्या एप्रिलचा एकही आकडा नाही, डिसेंबरात तर सुरू केलं.

मला वेगळंच विचारायचं आहे, एका ऑर्डरमागे उरते किती? विक्रीचा अंदाज करून करायचं काय जर उरतच नसेल.

हळद_समुद्रपूर
७२० मधून हळद, दळण, पाकीट, कुरिअर काढलं तर २७० च्या जवळपास उरते. हळदीचा भाव बाजारात जो भेटला असता तोच धरला आहे, घरची म्हणून फुकट नाही धरली. परत आलेल्या पार्सलचं जाणं-येणं यात नाही धरलं.

मोर्णाकाठ (अकोला)
मग झालं की. वरची ऑर्डर ३०८ नं येत असेल आणि २७० उरत असतील तर जीएसटी न धरताच प्रत्येक वाढीव पार्सलमागे ३८ रुपये तुम्ही देऊन राहिले. ३८७ असेल तर ११७. विक्री वाढते, पैसे कमी होतात. माझ्या मामेभावाचं तुपात असंच झालं, खूप विकलं म्हणून पेढे वाटले आणि दिवाळीनंतर कुरिअरवाल्याचं बिल भरायला म्हैस विकली.

हिंगणघाटकर
पहिल्या ऑर्डरपुरतं बरोबर. पण यांच्याकडे चार महिन्यात ४८ ऑर्डर बिनजाहिरातीच्या आल्या, म्हणजे गिऱ्हाईक वापस येते. एकदा घेतलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यात पुन्हा घेतात हे अजून कळायचं आहे, हळद तर वर्षाची एकदम घेणारे पण असतात. ते कळेपर्यंत पहिल्या ऑर्डरवर थोडा तोटा चालेल की नाही हे ज्याच्या त्याच्या खिशावर आहे, मी ठरवणार नाही.

मी असतो तर ६० हजार एकदम नसते लावले. मार्चला रोजचे ३३० पडत होते, ते ६०० करा, दहा दिवस हात लावू नका. एकदम ३३० वरून १,७०० केले तर त्या सिस्टीमचं शिकणं परत पहिल्यापासून सुरू होते, आठवडाभर आकडे कसेही नाचतात, आणि तोवर दहा-बारा हजार गेलेले असतात. दहा दिवसांनी Ads Manager मधे दोनच रकाने पाहा. एक चॅटचा भाव, दुसरा Frequency, म्हणजे एका माणसाला सरासरी किती वेळा दिसली. Frequency तीनच्या वर चढत असेल आणि चॅट महाग होत असतील तर त्या शहरात तुमचे लोक संपत आले, पैसे वाढवण्यापेक्षा शहर वाढवा किंवा फोटो-व्हिडिओ बदला. आणि वहीत वेगळं पान करा, वाढीव पैशाच्या ऑर्डर किती.

गणितवाले_सर (चांदूर रेल्वे)
एक भर घालतो. तिन्ही शहरांत सगळं एकदम वाढवू नका. पुण्यात वाढवा, नाशिक आहे तेवढंच ठेवा. नाशिकमधे जे काही वाढेल ते सीझनचं, पुण्यात त्याच्यावर जे वाढेल ते पैशाचं. नाहीतर महिनाअखेर तुम्ही म्हणाल बजेटमुळे वाढलं आणि यवतमाळचे भाऊ म्हणतील सीझनमुळे, आणि दोघांनाही खोटं पाडता येणार नाही.

भिवापुरी_तिखट
पार्सल परत येण्याचं पण पाहा ना दादा. आम्ही कॅश ऑन डिलिव्हरीवर ४० रुपये जास्त लावले आणि पाठवायच्या आधी फोन करतो, फोन न उचलणाऱ्याचं पार्सल बांधतच नाही. ऑर्डर थोड्या कमी झाल्या पण परत येणं निम्म्यावर आलं. जाहिरातीवर एक रुपया न वाढवता पोचलेल्या वाढल्या.

हिंगणघाटकर
ताई, वाहवा. फक्त समुद्रपूरवाले लक्षात ठेवा, तुम्ही हे ४० रुपये सुरू केले की मागचा टक्का बाद. चॅटमागे ऑर्डर कमी दिसतील आणि ऑर्डरमागे पोचलेल्या जास्त, दोन्ही नव्यानं मोजावं लागेल. पोचलेल्या भागिले चॅट हाच एक टक्का धरून चाला म्हणजे मधे काय बदललं त्याचा घोळ होत नाही.

हळद_समुद्रपूर
मंडळी दहा दिवसांचं सांगायला आलो. सरांचा नाशिकचा निरोप वाचायच्या आधीच तिन्ही शहरांत मिळून ६०० रोज करून टाकले होते, तर तसंच चालू ठेवलं. ६,००० लागले, चॅट ३६०, जाहिरातीच्या ऑर्डर ३१, त्यातल्या २० पोचल्या, २ परत, ९ रस्त्यात आहेत. Frequency दीडच्या खालीच आहे. जुन्यांच्या वेगळ्या १० आल्या. दळण आतापर्यंत १ क्विंटलच केलं, भाऊ रोज विचारते बाकीचं कधी.

पक्का_व्यापारी (यवतमाळ)
पाहा!! मी म्हटलं होतं ना सीझन आहे. चॅटचा भाव १६-१७ च आहे, चढलाच नाही म्हणा. आता लावा ६० हजार.

हिंगणघाटकर
चांगलं आहे, माझ्या अंदाजापेक्षा चांगलं. रस्त्यातल्या ९ मधून ८ पोचल्या तर २८, म्हणजे एकेक २१४ ला. मार्चच्या दरानं दहा दिवसात ३,३३० मधे १४ आल्या असत्या, तर वरच्या २,६७० नं १४ आणल्या, १९० रुपयाला एक. जीएसटी धरला तरी २७० उरतात त्यात बसते.

पण सगळ्या शहरांत वाढवलं म्हणून यातलं सीझनचं किती आणि पैशाचं किती ते आता कोणालाच सांगता येणार नाही. आणि २८ चं वर्गमूळ सव्वापाच, सर सांगतीलच.

गणितवाले_सर (चांदूर रेल्वे)
सांगतो, १७ ते ३९. १७ असतील तर पोचलेली ऑर्डर ३५३ ला पडली. अजून उत्सव करू नका.

मोर्णाकाठ (अकोला)
मे संपला आणि सीझन गेला की हाच २१४ चा भाव धरून जूनचं बजेट कोणी ठरवू नका म्हणजे झालं.

हळद_समुद्रपूर
असं करून राहिलो, आजपासून पुणे एकटं ६०० रोज, मुंबई अन् नाशिक मार्चएवढंच, तिघांची पानं वेगळी. कॅश ऑन डिलिव्हरीवर ४० रुपये पण लावणार होतो पण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं ते समजणार नाही म्हणून मे मधे लावतो. अर्धा क्विंटल शुक्रवारी दळायचं आहे.

सर, नाशिकमधे दिवसाला ५-६ च चॅट येतात, तेवढ्यावर पुण्यासोबत तुलना होईल का?

गणितवाले_सर (चांदूर रेल्वे)
ऑर्डरवर नाही होणार, दहा दिवसात नाशिकच्या चार-पाच ऑर्डर येतील, त्यातून काहीच निघत नाही. चॅटच्या भावावर मात्र होईल, तेवढंच पाहा. ऑर्डरसाठी मुंबई आणि नाशिक एकत्र करून महिनाभर थांबावं लागेल.

वरूड_संत्रा
माझे दोन किलो कोणत्या पानावर लिहिले भाऊ? मी तर जाहिरात पाहिलीच नाही.